दप्तरातली जास्तीची चड्डी

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा नर्सरीत येणारी बरीचशी मुलं साडेतीन वर्षांच्या आतबाहेरची असतात. त्यांतल्या काहींचं डायपर नुकतंच मे महिन्यात सुटलेलं असतं. उन्हाळ्यात घरभर उघडंवाघडं फिरायला मिळतं, आजी मागे लागून तासातासाला मोरीत नेते आणि महिनाभरात चड्डी कोरडी राहायला लागते. घरच्यांना वाटतं, झालं एकदाचं. मग पंधरा दिवसांत त्याच मुलाच्या अंगावर गणवेश चढतो, पायांत मोजे-बूट येतात, अनोळखी बाई, अनोळखी संडास, आणि बाहेर पाऊस. उन्हाळ्यात शरीरातलं बरंचसं पाणी घामावाटे जातं. पावसाळी गारव्यात घाम कमी येतो, म्हणून शू जास्त होते. त्यामुळे जून-जुलैत नर्सरीच्या वर्गात कुणाचीच चड्डी बदलावी लागली नाही असा दिवस क्वचितच जातो. मी या वयाच्या मुलांबरोबर काम करते आणि दर वर्षी पालकांशी या विषयावर बोलते. ते बोलणं घाईत, शाळेच्या फाटकापाशी होतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट वयाची. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा एक ढोबळ हिशोब बालरोगतज्ज्ञ वापरतात: वयाची वर्षं अधिक एक, गुणिले ३०. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचं मूत्राशय साधारण १२० मिलिलिटरला भरतं. सकाळी एक कप दूध आणि वर्गात थोडं पाणी प्यायलं की तेवढं होतंच. शिवाय या वयात 'आली' हे कळणं आणि ती होणं यांत फार अंतर नसतं. मोठ्या माणसाला अर्धा तास धरून ठेवता येतं, या मुलांना बाईंचं लक्ष वेधून घेईपर्यंतही थांबवत नाही. म्हणूनच दिवसा शू होण्याला डॉक्टर पाच वर्षांच्या आधी आजार म्हणत नाहीत, आणि शीच्या बाबतीत ती मर्यादा चार वर्षांची धरतात. नर्सरीतल्या मुलाची चड्डी आठवड्यातून एक-दोनदा ओली झाली तर त्याचं प्रशिक्षण फसलं असं समजायचं कारण नाही.

'घरी तर कधीच करत नाही,' हे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो. ते खरंच असतं. घरी संडास चार पावलांवर असतो, दार उघडं ठेवलं तरी चालतं, आणि आईला मुलाच्या नुसत्या चुळबुळीवरून कळतं. शाळेत मुलाला आधी ठोकळ्यांचा मनोरा सोडावा लागतो, मग वीस मुलांमधून बाईंपर्यंत पोचावं लागतं, सांगावं लागतं, आणि मग अशा खोलीत जावं लागतं जिथला फ्लश एकदम मोठ्याने गर्जतो. पुष्कळ मुलं यातली शेवटची पायरी टाळण्यासाठी धरून ठेवतात. धरून ठेवलेली शू पुढे कुठे तरी सुटते, बहुधा खेळताना किंवा खळखळून हसताना. धरून ठेवणारं मूल ओळखणं अवघड नसतं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होतं, मांड्या आवळतं, किंवा मध्येच खाली बसून टाच दोन पायांच्या मध्ये दाबून ठेवतं. 'जायचंय का?' असं विचारलं तर नाही म्हणतं, कारण त्याला खेळ सोडायचा नसतो.

यामुळे अनुभवी बाई 'जायचंय का' असं विचारतच नाहीत. 'चला, शूची वेळ झाली,' असं म्हणून चार-पाच मुलांचा घोळका घेऊन जातात. तीन तासांच्या शाळेत अशा तीन वेळा ठरलेल्या असाव्या लागतात: आल्यावर, डबा खाण्याआधी, आणि घरी निघण्याआधी. तिसरी वेळ सगळ्यांत जास्त चुकते, कारण सुटताना दप्तरं, बाटल्या, रेनकोट यांचा गोंधळ असतो. पण ज्या मुलाला व्हॅनमधून चाळीस मिनिटं जायचं आहे त्याच्यासाठी तीच वेळ महत्त्वाची असते. व्हॅनमध्ये ओली झालेली चड्डी बदलायला कुणीच नसतं, आणि मोठ्या मुलांसमोर झालेली ती गोष्ट मूल विसरत नाही. तुमच्या शाळेत या वेळा कुठल्या आहेत ते विचारून घ्या आणि सुट्टीच्या दिवशी घरीही साधारण त्याच वेळांना मुलाला न्या.

घरी करण्यासारखी आणखी एक तयारी आहे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या कित्येक मुलांनी कमोड सोडून दुसरं काही पाहिलेलंच नसतं आणि शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असतो. उकिडवं बसायची सवय नसल्याने ती तोल जाईल म्हणून घाबरतात आणि तशीच परत येतात. उलटही घडतं. गावाकडून आलेलं मूल उंच कमोडवर बसवलं की पाय लोंबकळतात आणि ते आत पडण्याच्या भीतीने घट्ट धरून बसतं. शाळा सुरू होण्याआधी एकदा मुलाला घेऊन शाळेतला संडास बघून या. मग त्याच्या समोर फ्लश ओढून दाखवा. घरी आठवडाभर रोज थोडा वेळ उकिडवं बसायचा खेळ खेळा. तुमच्या घरात शूला आणि शीला जो शब्द आहे तो प्रवेशाच्या अर्जावर लिहून द्या. घरी 'बाहेर जायचंय' म्हणायची पद्धत असली आणि बाईंना ते ठाऊक नसलं तर त्या म्हणतात, 'आता नाही हं, पाऊस आहे,' आणि मूल बिचारं गप्प बसतं.

आता कपड्यांकडे येते, कारण निम्मे अपघात कपड्यांमुळे होतात असं माझं मत आहे. मुलाला वेळेवर कळलेलं असतं, ते वेळेवर संडासापर्यंत पोचलेलंही असतं, आणि मग त्याला पट्टा सोडता येत नाही. डंगरी, जीन्सची पॅन्ट, खाली बटणं असलेला बॉडीसूट, कमरेला नाडी, घट्ट लेगिंग हे कपडे नर्सरीत घालू नयेत. लेगिंग थोडी जरी ओली झाली की पायाला अशी चिकटते की ती उतरवायला मोठ्या माणसालाही झटापट करावी लागते. ढिल्या इलॅस्टिकची पॅन्ट, जी मूल दोन्ही अंगठे आत घालून स्वतः खाली ओढू शकेल, एवढंच पुरे. फ्रॉक घालणाऱ्या मुलीला फ्रॉकचा घेर पुढून गोळा करून पोटाशी धरायला शिकवा. नाही तर चड्डी कोरडी आणि फ्रॉकची मागची कड ओली, असं होतं. गणवेशच पट्ट्याचा असेल तर मुख्याध्यापिकांशी बोलायला हरकत नाही. दोन-चार पालकांनी मिळून सांगितलं तर बहुतेक शाळा नर्सरीपुरती सवलत देतात.

वर्षातले सगळ्यांत ओले दिवस म्हणजे वेशभूषेचे. आषाढीला शाळेत छोटी दिंडी निघते, मुलगे शिवलेलं धोतर आणि बंडी घालून येतात, मुली नऊवारी नेसून येतात. लवकरच गोकुळाष्टमी येते, मग कृष्णाचा पितांबर आणि कमरेला बांधलेला शेला. हे कपडे पिना लावून पक्के केलेले असतात. आईने पहाटे अर्धा तास खर्चून नेसवलेलं लुगडं मुलगी मोडू देत नाही, आणि बाईंनाही ते पुन्हा नेसवता येणार नसतं. त्या दिवशी मुलाला घरी शू करवूनच तयार करा, आत रोजची चड्डी ठेवा, आणि दप्तरात साधे कपडे द्या. कार्यक्रम झाला, फोटो निघाले, की बाई साधे कपडे चढवतील.

दप्तरात काय द्यायचं ते आता सांगते. दोन चड्ड्या, दोन पॅन्ट, एक सदरा किंवा टॉप. दोन अशासाठी की पोट बिघडलेलं असलं तर एकाच दिवसात दोनदा बदलायची वेळ येते. सदरा अशासाठी की मुलग्यांच्या सदऱ्याचा खालचा भाग हमखास भिजतो. मोजे पालक नेहमी विसरतात. उभ्याउभ्या झालेली शू पायावरून ओघळते, मोज्यात मुरते आणि बुटात साचते, म्हणून मोज्यांचा एक जोड आणि प्लास्टिकच्या साध्या चपला द्या. चपला नसल्या तर मूल उरलेले दोन तास अनवाणी फिरतं, तेही पावसाळ्यातल्या ओल्या फरशीवर. जुन्या मऊ सुती पंच्याचा एक तुकडा द्या. त्याने अंग चांगलं टिपलं जातं आणि तो वाळतोही लवकर. ओले कपडे परत पाठवायला आतून पाणी न झिरपणारी, चेन असलेली पिशवी द्या. प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे शाळेकडेही पिशव्यांचा साठा नसतो. रेक्झिनची पिशवी शिंप्याकडून शिवून घेतली तर वर्षभर धुऊन वापरता येते. हे सगळं एका पिशवीत भरून ती दप्तराच्या तळाशी ठेवा, डब्यापासून वेगळी.

प्रत्येक कपड्यावर नाव हवं. निळी चड्डी एकाच वर्गात सात जणांची असते. कॉलरच्या आत किंवा इलॅस्टिकच्या पट्टीवर न पुसल्या जाणाऱ्या पेनने नाव लिहिलं की काम झालं. नवे, कडक कपडे देऊ नका, आणि अगदी आवडते सुद्धा देऊ नका. ज्यांची सवय आहे असे, धुऊन मऊ झालेले द्या. वापरून संपलेला जोड दुसऱ्या दिवशी परत भरून पाठवा, कारण शाळेत उसन्या कपड्यांचा खोका असला तरी त्यातली चड्डी घालायला पुष्कळ मुलं ठाम नकार देतात आणि रडतात. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे मान्य आहे. म्हणून शाळेसाठी तीन जोड वेगळेच काढून ठेवलेले बरे. सुगंधी वाइप्सची गरज नसते. कोमट पाण्याने धुतलेलं कातडीला जास्त मानवतं.

डायपर घालून पाठवू का, असंही पालक विचारतात. अजून डायपर सुटलंच नसेल तर ते बाईंना आधी सांगा आणि उघडपणे पाठवा. पण सुटलेलं डायपर केवळ शाळेतल्या अपघाताच्या धास्तीने पुन्हा चढवू नका. मुलाला घरी एक नियम आणि शाळेत दुसरा, हे उलगडत नाही. त्याहून वाईट उपाय म्हणजे पाणी तोडणं. सकाळी दूध द्यायचं नाही, बाटली रिकामी पाठवायची, म्हणजे शू होणार नाही, असा हिशोब काही घरांत होतो. कमी पाण्याने शू दाट होते, दाट शू मूत्राशयाला झोंबते आणि थोडी साठली तरी घाई लागते. शी कडक होते ते वेगळंच. त्याबद्दल पुढे लिहिते.

अपघात झाल्यावर चांगल्या शाळेत काय घडतं ते पालकांना माहीत असावं, म्हणजे आपल्या शाळेत काय विचारायचं ते कळेल. यासाठी वर्गात दोन मोठी माणसं लागतात, एक मुलाला घेऊन जायला आणि दुसरं बाकीच्यांपाशी थांबायला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी खेळशाळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं प्रमाण दिलेलं आहे. ज्या वर्गात तीस मुलांपाशी एकट्या बाई आहेत तिथे ओलं झालेलं मूल तसंच बसून राहतं, आणि त्यात बाईंचा दोष नसतो.

बाईंच्या लक्षात येतं ते खुर्चीखालच्या थारोळ्यावरून, किंवा मूल अचानक एका जागी खिळून उभं राहिलं त्यावरून. त्या मुलाच्या कानाशी वाकून सांगतात, 'चल, आपण कपडे बदलून येऊ.' वर्गासमोर नाव घेत नाहीत. मावशी हातमोजे घालतात, दप्तरातली पिशवी घेतात आणि मुलाला नेतात. आत गेल्यावर आधी सांगायचं आणि मग हात लावायचा: 'आता बूट काढू, आता चड्डी काढू.' जेवढं मुलाला जमतं तेवढं त्यालाच करू द्यायचं. कोमट पाण्याने धुवायचं, मुलीला पुढून मागे, म्हणजे शीचा अंश शूच्या जागी जात नाही. पंच्याने टिपून कोरडं करायचं, पावडर लावायची नाही. कपड्यातली शी संडासात टाकायची आणि कपडा न चोळता पिशवीत बंद करायचा. घासत बसलं तर शिंतोडे उडतात आणि घाण आणखी पसरते, त्यामुळे धुणं घरीच होतं. घरी ते कपडे आधी गार पाण्यात खळबळवा आणि मग गरम पाण्यात साबणाने धुवा. शेवटी मुलाचे आणि मावशींचे हात साबणाने. तोवर वर्गात दुसऱ्या मदतनीस बाईंनी फरशी कोरडी पुसून मग फिनाइलने पुसलेली असते.

काही शाळांमध्ये अशा वेळी घरी फोन करून आईलाच कपडे बदलायला बोलावण्याची पद्धत आहे. मला ती मुळीच पटत नाही. आई येईपर्यंत मूल अर्धा-पाऊण तास ओलं बसतं, मांड्यांना पुरळ येतं, आणि त्याला कळतं ते एवढंच की आपण काहीतरी भयंकर केलं म्हणून आईला यावं लागलं. प्रवेश घेण्याआधीच हे विचारून घ्या. जुलाब किंवा ताप असेल तर मात्र शाळेने घरी पाठवणंच बरोबर आहे, आणि जुलाब थांबल्यावर ४८ तास मुलाला घरीच ठेवावं, नाही तर वर्गातली आणखी मुलं आजारी पडतात.

मुलाला संडासात कोण नेतं, हाही प्रश्न विचारायलाच हवा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचं प्रकरण उघडकीस आलं आणि सफाईच्या कामावरच्या एका पुरुष कर्मचाऱ्याला अटक झाली. नर्सरीची मुलं धुण्या-बदलण्यासाठी मोठ्या माणसावर पूर्ण अवलंबून असतात, म्हणून हे काम नेमून दिलेल्या बायकांनीच करावं, त्यांची नावं पालकांना ठाऊक असावीत, संडासाच्या खोलीचं बाहेरचं दार उघडं असावं आणि नेताना दुसऱ्या बाईंना सांगून न्यावं. फोन आत न्यायचा नाही. 'हे बघा, एवढं झालं होतं' असं दाखवायला फोटो काढणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. हेतू चांगला असला तरी ते ताबडतोब थांबवायला सांगा. घरी मुलालाही सांगून ठेवा की शाळेत फक्त अमुक मावशी धुतील, आणि कुणी काही गुपित ठेवायला सांगितलं तरी आईबाबांना सांगायचं.

प्रत्येक अपघाताची नोंद होते. वेळ, शू की शी, किती, आणि कुणी बदललं, एवढीच. पालकांना डायरीत दोन ओळी जातात किंवा खासगी निरोप जातो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही येता कामा नये. फाटकापाशी मुलाला घ्यायला आल्यावर 'आज परत केलीस ना?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. रागावलेलं मूल पुढच्या वेळी अपघात टाळत नाही, तो लपवतं. कपाटामागे जाऊन उभं राहतं आणि वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

या नोंदींचा उपयोग किती होतो, त्याचं एक उदाहरण सांगते. एक मुलगी होती, पावणेचार वर्षांची. जुलैपासून तिच्या चड्डीला एक दिवसाआड थोडीशी पातळ शी लागायला लागली. आधी बाईंनी डायरीत लिहिलं, पोट बिघडलंय वाटतं. घरच्यांनी केळं बंद केलं, भाजी-पोळी बंद केली आणि मऊ भात आणि साबुदाण्याची पेज सुरू केली. फरक पडेना. मधूनमधून शूही व्हायला लागली, जी जूनमध्ये होत नव्हती. वडील म्हणायला लागले की शाळेत तिच्याकडे लक्ष नाही. आई म्हणायची, एवढी मोठी झाली, हिला कळत कसं नाही?

महिन्याच्या नोंदी एकत्र वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. शी नेहमी डब्यानंतर अर्ध्या तासात लागायची, आणि दर वेळी चमचाभरच असायची. जुलाब असे नसतात. मग मावशींनी सांगितलं की ती खेळण्यांच्या कपाटापाशी जाऊन पाय ताठ करून चवड्यांवर उभी राहते आणि चेहरा लाल होतो. बघणाऱ्याला वाटतं मूल जोर करतंय. प्रत्यक्षात ते शी आत ओढून धरत असतं. आम्ही आईला आठवडाभर घरी नीट बघायला सांगितलं. तिने सांगितलं, रोज थोडी करते पण दर चार-पाच दिवसांनी एकदा खूप मोठी, कडक होते आणि तेव्हा किंचाळते. मे महिन्यात लग्नाच्या गडबडीत गावी गेली होती तेव्हा एकदा शी करताना रक्त आलं होतं. तिथून हे सुरू झालं असावं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की हिला जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे. कडक शी होताना दुखलं की मूल पुढची धरून ठेवतं. धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, आणखी दुखतं. मोठा आतड्याचा शेवटचा भाग असा भरून ताणला गेला की 'आली' ही जाणीवच बोथट होते. मग वरची पातळ शी त्या कडक गोळ्याच्या बाजूने झिरपून चड्डीला लागते आणि मुलाला खरोखरच कळत नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. तोच भरलेला भाग पुढच्या मूत्राशयाला दाबतो, त्यात मावणारं कमी होतं, म्हणून शूही सुटायला लागली होती. अशा मुलाला जुलाबाचं पथ्य दिलं, भाजी-फळं बंद केली, तर ते अगदी उलटं पडतं.

उपचार साधे होते पण लांबलचक. पहिले काही दिवस साठलेली शी मोकळी करायचं औषध, नंतर शी मऊ ठेवणारं औषध रोज. डॉक्टरांनी बजावलं होतं की बरं वाटलं म्हणून मनाने थांबवायचं नाही, कारण ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात आणि मध्येच सोडलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. दूध दिवसाला चार कप होतं ते दोनवर आणलं, म्हणजे पोळी-भाजीला पोटात जागा झाली. आणि बसायची वेळ ठरवली. काही खाल्लं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, म्हणूनच तिला डब्यानंतर लागायची. तोच नियम वापरायचा. सकाळी दूध-पोळी झाल्यावर पाच मिनिटं, पायांखाली पाट ठेवून, गुडघे कमरेच्या वर येतील असं बसायचं. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. व्हॅन पावणेआठला यायची, त्यामुळे घरच्यांना उठायची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणावी लागली, आणि खरं सांगायचं तर सगळ्या उपचारात हेच त्यांना अवघड गेलं. शाळेत डब्यानंतर मावशी तिला एकटीला, बाकीची मुलं मैदानात गेल्यावर, शांतपणे न्यायच्या. कमोडपुढे ठोकळ्यांचा लाकडी खोका उलटा घालून ठेवला. झाली तर झाली, नाही झाली तर पाच मिनिटांनी उठायचं, काही बोलायचं नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत अपघात कमी न होता वाढलेच, कारण औषधाने साठलेलं सुटत होतं. त्या काळात रोज तीन चड्ड्या लागल्या. याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती आणि आईने ती बाईंना दिली होती, म्हणून कुणी घाबरलं नाही. गणपतीपर्यंत चड्डी कोरडी राहायला लागली होती आणि शूचे अपघात त्याच्याही आधी थांबले होते. औषध दिवाळीनंतरही चालू राहिलं आणि मग डॉक्टरांनीच ते हळूहळू उतरवलं.

प्रत्येक डागामागे बद्धकोष्ठ नसतं. पण आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी होणं, ती मोठी आणि कडक असणं, करताना रडणं, आणि चड्डीला वारंवार थोडी थोडी लागणं, यांतलं एकाहून जास्त काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. शू करताना दुखणं, सारखी थेंबथेंब होणं, घाण वास, किंवा सर्दी-खोकला नसताना ताप, ही लघवीच्या जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. साध्या लघवी तपासणीतून ते कळतं. आणि सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक ओलं व्हायला लागलं तर आधी घरात काही बदललं का ते बघा. बाळ आलं, घर बदललं, आजी गावी गेली, यापैकी काही असेल तर बहुधा काही आठवड्यांत ते सावरतं. पण त्याबरोबर मूल घटाघटा पाणी पीत असेल, रात्री उठून पाणी मागत असेल आणि वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांचा मधुमेह असाच सुरू होतो, आणि त्यात उशीर जिवावर बेततो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा पुन्हा जूनसारखा जातो, कारण तीन आठवड्यांत शाळेच्या वेळा मोडलेल्या असतात. त्याच सुमाराला दप्तराच्या तळाची पिशवी एकदा उघडून बघा. जूनमध्ये भरलेली पॅन्ट आता घोट्याच्या वर येते, इलॅस्टिक पोटाला काचतं, आणि थंडीचे दिवस असूनही आत सदरा अर्ध्या बाह्यांचाच असतो. सगळे कपडे एक माप मोठे भरा आणि एक स्वेटर किंवा पूर्ण बाह्यांचा सदरा त्यात घाला.